पेपरमधला p वाचण्याआधी काय मोजायचं

एक गाणं ऐकल्यावर माणसाचं वय जवळपास दीड वर्षानं कमी होतं, असा निष्कर्ष २०११ साली ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. भावनेनं तरुण वाटणं वगैरे नव्हे, जन्मतारखेनुसार वय कमी. प्रयोग खरा होता, विद्यार्थी खरे होते, आकडेमोडही बरोबर होती. हा निष्कर्ष खरा असणं शक्य नाही हे लेखकांना, म्हणजे जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि युरी सायमनसन यांना, पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांना दाखवायचं होतं ते एवढंच, की त्या काळी सर्रास चालणाऱ्या सवयी वापरल्या तर अशक्य गोष्टही ‘लक्षणीय’ ठरवता येते. आणि मग त्याच पेपरात त्यांनी काय काय लपवलं होतं तेही छापलं.

नव्यानं संशोधनाचे पेपर वाचायला शिकणाऱ्यांसाठी मला याहून चांगला नमुना माहीत नाही, कारण इथं उत्तर आधीच ठाऊक आहे. परिणाम शून्य आहे. म्हणजे छापील परिच्छेदात जे काही संशयास्पद दिसेल ते खरोखर संशयास्पदच होतं की नाही, हे पडताळून बघता येतं. हा लेख त्याच परिच्छेदाभोवती आहे.

आधी दोन शब्द

पी-मूल्य काय सांगतं ते नीट धरून ठेवा. गटांमध्ये खरा फरक मुळात नसता, तर निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे तो आकडा सांगतो. ती ५ टक्क्यांपेक्षा कमी असली की निकालाला ‘लक्षणीय’ म्हणायचा रिवाज आहे. पण हा हिशेब एका प्रयत्नाचा असतो. फरक नसतानाही वीस स्वतंत्र गोष्टी तपासल्या, तर त्यातली किमान एक ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के होते. पाच तपासल्या तरी २३ टक्के.

विदा, म्हणजे प्रयोगात गोळा झालेली माहिती, वेगवेगळ्या पद्धतींनी तपासत राहायचं आणि p ०.०५ च्या खाली गेला की थांबायचं, याला पी-हॅकिंग म्हणतात. केलेल्या कामातला जमलेला भागच छापायचा, याला निवडक मांडणी. दोन्हींत वाचकापासून दडतो तो एकच आकडा: एकूण प्रयत्न किती झाले. पुढं जे काही करायचं आहे ते हा आकडा हुडकण्यासाठी.

यात बहुतेक वेळा लबाडी नसते, हे मनापासून सांगतो. मी विद्यार्थी असताना माझ्या पहिल्या प्रयोगाचा p ०.०८ आला होता. मार्गदर्शक म्हणाले, “दिशा बरोबर आहे, अजून पंधरा जण घेऊन बघ.” मी घेतले, p ०.०४ झाला आणि आम्ही दोघंही समाधानानं घरी गेलो. आपण काही चुकीचं करतोय असं दोघांच्याही मनात आलं नाही. म्हणून पेपरात खुणा शोधताना लेखकाच्या हेतूचा विचार बाजूला ठेवा. आकडा किती भरवशाचा आहे, एवढाच आपला प्रश्न आहे.

छापलेला परिच्छेद

त्या पेपरातल्या दुसऱ्या प्रयोगाचं वर्णन, लपवाछपवीच्या रूपात, साधारण असं होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २० विद्यार्थ्यांनी बीटल्सचं ‘व्हेन आय अॅम सिक्स्टी-फोर’ हे गाणं किंवा ‘कलिंबा’ नावाची धून ऐकली. मग त्याच्याशी संबंध नाही असं भासवलेल्या दुसऱ्या कामात त्यांनी आपली जन्मतारीख आणि वडिलांचं वय लिहिलं. मुळात वयात असलेली तफावत हिशेबात घेण्यासाठी वडिलांचं वय नियंत्रणासाठी वापरलं. गाणं ऐकलेल्यांचं समायोजित सरासरी वय २०.१ वर्षं आलं, धून ऐकलेल्यांचं २१.५. आणि निकाल असा:

```
F(1, 17) = 4.92, p = .040
```

पहिल्यांदा वाचताना यात खटकण्यासारखं फारसं काही नाही, फक्त निष्कर्ष सोडला तर. निष्कर्ष पटण्यासारखा असता तर आपण थांबलोही नसतो. म्हणून निष्कर्ष झाकून ठेवायचा आणि उरलेलं वाचायचं.

पहिली पायरी: कंसातल्या आकड्यावरून माणसं मोजा

F किंवा t ही फरक तपासणाऱ्या चाचण्यांची मूल्यं. त्यांच्या पुढं कंसात असतात त्या स्वातंत्र्य-मात्रा. नवखे वाचक त्या ओलांडून जातात, पण माणसं किती होती याची सर्वांत प्रामाणिक नोंद बहुधा तिथंच असते. दोन वेगळ्या गटांची साधी तुलना असेल तर t(48) म्हणजे ५० माणसं, दर गटामागे एक वजा. एकाच माणसाची आधी-नंतर अशी तुलना असेल तर t(48) म्हणजे ४९. नियंत्रणासाठी एक चल, म्हणजे वडिलांच्या वयासारखं जादा मोजमाप, घातलं की आणखी एक वजा होतं.

आता आपल्या परिच्छेदावर लावून बघा. २० माणसं, दोन गट, एक नियंत्रणाचं चल: २० वजा २ वजा १, म्हणजे १७. कंसातला दुसरा आकडा १७ आहे. हिशेब जुळला. या खुणेवर पेपर स्वच्छ निघाला, आणि तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे: एक तपासणी पार पडली म्हणून पेपर सुटत नाही.

जिथं जुळत नाही तिथं काय दिसतं? समजा एका पेपरात ‘६० जणांनी भाग घेतला’ असं लिहिलंय आणि निकालात t(49) आहे. म्हणजे ५१ माणसं; नऊ गेली कुठं? तळटीपेत कारण असेल तर ठीक: कुणी प्रश्नावली अर्धवट सोडली, कुणी लक्ष तपासणाऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकवलं. पण त्याच पेपरातल्या पुढच्या मोजमापाला t(54) असेल, तर तिथं ५६ माणसं होती. एका मोजमापासाठी नऊ वगळली आणि दुसऱ्यासाठी चारच. असं दिसलं की वगळण्याचा नियम विदा बघितल्यानंतर ठरला असावा, ही शंका रास्त ठरते.

इथं एक सावधगिरी हवी. कंसात 43.7 असा दशांशातला आकडा दिसला तर माणसं हरवलेली नाहीत. ती वेल्चची चाचणी आहे. दोन गटांतली पसरण वेगळी असेल तर ती मात्रा मुद्दाम कमी धरते. मी स्वतः अशा आकड्यावरून एका बिचाऱ्या लेखकावर मनातल्या मनात बराच वेळ आळ घेतला होता.

वगळण्याच्या नियमाकडे आणखी एका नजरेनं बघा. प्रतिसादाला लागलेला वेळ मोजणाऱ्या प्रयोगांत फार सावकाश किंवा फार झटपट आलेली उत्तरं काढून टाकतात. सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांपलीकडची काढा, अडीच पलीकडची काढा किंवा तीन पलीकडची. तिन्ही पद्धती रूढ आहेत आणि तिन्हींचं समर्थन करता येतं. पण एकाच पेपरातल्या पहिल्या प्रयोगात दोन, दुसऱ्यात तीन आणि तिसऱ्यात काहीच वगळलेलं नाही, असं असेल आणि कारण दिलेलं नसेल, तर तिथं खूण करा.

दुसरी पायरी: एवढीच माणसं का?

आपल्या परिच्छेदात २० हा आकडा आहे आणि तो कसा ठरला याबद्दल अवाक्षर नाही. गटात दहा-दहा माणसं घेऊन दीड वर्षाचा फरक पकडायला कुणी निघेल का? आणि विसावर थांबायचं कुणी, कधी ठरवलं?

खरी हकीकत त्यांनी नंतर दिली. साधारण दहा माणसांची एकेक तुकडी झाली की ते विश्लेषण करून बघत होते. कधी थांबायचं हे आधी ठरलेलं नव्हतं. निकाल लागला तिथं ते थांबले.

हे इतकं बाधतं कसं, ते सहज लक्षात येत नाही. माणसं वाढवणं तर चांगलंच ना? माणसं वाढवणं चांगलं, पण p बघत बघत वाढवणं वेगळं. खरा फरक नसेल तेव्हा माणसं वाढत जातात तसा p वर-खाली हेलकावे खातो. एखादा हेलकावा ०.०५ च्या खाली गेला, की आपण नेमके तिथंच थांबतो. याच लेखकांनी संगणकावर हिशेब केला: गटात दहा माणसांपासून सुरुवात करून, दर गटात एकेक माणूस वाढवत, प्रत्येक वेळी p बघितला आणि पन्नासवर हात टेकले, तर खोटा ‘लक्षणीय’ निकाल २२ टक्के वेळा मिळतो. कागदावर मात्र ५ टक्केच लिहिलेले असतात.

वाचकाला काय शोधायचं? संख्या कशी ठरली हे सांगणारं वाक्य. ‘अमुक आकाराचा फरक ८० टक्के खात्रीनं पकडायला दर गटात इतकी माणसं लागतात’ असा आधीचा हिशेब, किंवा ‘सत्र संपेपर्यंत जेवढे आले तेवढे घेतले’ असं साधं विधानही चालतं. तसं काहीच नसेल, संख्या ४७ किंवा ८३ अशी आडवळणाची असेल आणि p ०.०५ ला टेकलेला असेल, तर या तिन्ही गोष्टी मिळून वजन धरतात. सुट्या सुट्या काही सिद्ध करत नाहीत. मध्ये डोकावणंही निषिद्ध नाही: किती वेळा डोकावणार हे आधी ठरवून त्या प्रमाणात उंबरठा ०.०५ पेक्षा खाली आणला असेल, तर ती शिस्तशीर पद्धत आहे आणि लेखक तसं लिहितातच.

तिसरी पायरी: काय काय मोजलं होतं?

परिच्छेदात दोन मोजमापं आहेत, जन्मतारीख आणि वडिलांचं वय. प्रयोगासाठी माणसं बोलावली, गाणी वाजवली आणि दोनच प्रश्न विचारून परत पाठवलं, हे कुणी करत नाही. प्रश्नावली छापायला लागणारे कष्ट दोन प्रश्नांना तेवढेच आणि बारांना तेवढेच.

खऱ्या प्रश्नावलीत आणखी बरंच होतं: किती वयाचं असल्यासारखं वाटतं, एका साध्या उपाहारगृहात जेवायला कितपत आवडेल, शंभराचं वर्गमूळ किती, ‘संगणक हे गुंतागुंतीचं यंत्र आहे’ हे पटतं का, आईचं वय, राजकीय कल, लवकर येणाऱ्यांसाठीची सवलत घ्याल का, कॅनडातल्या चार खेळाडूंपैकी पुरस्कार कुणाला मिळाला, ‘जुने दिवस चांगले होते’ असं किती वेळा म्हणता, आणि लिंग. गटही दोन नव्हते. तिसरा गट ‘हॉट पोटॅटो’ हे मुलांचं गाणं ऐकत होता. एकूण विद्यार्थी ३४ होते, त्यातले २० छापले गेले.

गट आणि मोजमापं गाळण्याची सवय किती पसरलेली आहे हे कळायला एक चांगली संधी मिळाली ती ‘टाइम-शेअरिंग एक्स्पेरिमेंट्स फॉर द सोशल सायन्सेस’ या अमेरिकी उपक्रमामुळे. तिथं प्रत्येक प्रयोगाची मूळ प्रश्नावली जपून ठेवलेली असते. अॅनी फ्रँको, नील मल्होत्रा आणि गॅबर सिमोनोविट्स यांनी मानसशास्त्रातल्या प्रयोगांच्या प्रश्नावल्या छापील पेपरांशी ताडून बघितल्या. सुमारे ४० टक्के अभ्यासांत सगळे प्रायोगिक गट पूर्णपणे सांगितलेले नव्हते, आणि सुमारे ७० टक्के अभ्यासांत विचारलेली सगळी मोजमापं नव्हती.

प्रश्नावली हाताशी नसते तेव्हा गाळलेल्या गोष्टी कशा ओळखायच्या? पद्धतीचा भाग वाचताना कागदावर मोजमापांची यादी करा, मग निकालांचा भाग वाचताना एकेकावर खूण करत जा. ज्यावर खूण झाली नाही ते गळलं. पुरवणी साहित्य उघडा. मूळ प्रश्नावली बरेचदा तिथं असते आणि ती फारसं कुणी बघत नाही. एकाच पेपरातल्या दोन प्रयोगांत मोजमाप बदललंय का हेही बघा. पहिल्यात ‘मनःस्थिती’ आणि दुसऱ्यात ‘उत्साह’ असेल, तर दुसऱ्यात मनःस्थिती विचारली नव्हती की विचारून जमली नाही?

मोजमापाचं नाव तेच ठेवून आकडा काढायची रीत बदलणं याहून अवघड पकडायला. आक्रमकता मोजायची एक प्रसिद्ध रीत आहे: प्रतिस्पर्ध्याला आवाजाचा त्रासदायक झटका द्यायचा, त्याची तीव्रता आणि कालावधी तुम्ही ठरवायचा. मग आक्रमकता म्हणजे काय? तीव्रतेची सरासरी? कालावधी? दोन्हींचा गुणाकार? फक्त पहिला झटका? माल्टे एल्सन यांनी या रीतीवरच्या १३० लेखांची मोजदाद केली, तेव्हा आकडा काढायच्या १५७ वेगवेगळ्या पद्धती सापडल्या. लेखांपेक्षा पद्धती जास्त. म्हणून ‘प्रमाणित चाचणी वापरली’ या शब्दांवर विसंबू नका. तिचे गुण कसे काढले ते वाक्य शोधा आणि त्याच लेखकांच्या मागच्या पेपरातलं वाक्य शेजारी ठेवा.

चौथी पायरी: ‘समायोजित’ या शब्दापाशी थांबा

आपल्या परिच्छेदातली सर्वांत मोठी फट इथं आहे, आणि ती उघड्यावर आहे. २०.१ आणि २१.५ या समायोजित सरासऱ्या आहेत. कच्च्या सरासऱ्या कुठं आहेत? दिलेल्या नाहीत.

लेखकांनी नंतर त्या दिल्या: २०.३ आणि २१.२. वडिलांच्या वयाचं नियंत्रण काढलं की निकाल असा होतो:

```
F(1, 18) = 1.01, p = .33
```

कंसातला १७ आता १८ झालाय, कारण नियंत्रणाचं चल गेलं. p ०.०४ वरून ०.३३ वर. अख्खा निष्कर्ष त्या एका चलावर तोललेला होता.

आणि ते चल घेण्याचं कारण किती सरळ वाटत होतं, तेही बघा. मुलाचं वय वडिलांच्या वयाशी जोडलेलं असतंच, तेव्हा वडिलांचं वय धरणं शहाणपणाचंच वाटतं. निकाल आल्यावर मागं वळून कारण शोधायला लागलं की ते मिळतंच. आईचं वय घेतलं असतं तर त्यालाही तेच कारण लागू पडलं असतं. म्हणून ‘कारण पटण्यासारखं आहे का’ हा प्रश्न इथं उपयोगाचा नाही. प्रश्न असा विचारा: याच्याऐवजी दुसरं काय घेता आलं असतं, आणि त्यालाही असंच पटणारं कारण देता आलं असतं का?

चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या प्रयोगात नियंत्रणाच्या चलाचं मुख्य काम निकाल अधिक नेमका करणं हे असतं. मोठ्या नमुन्यात त्यामुळं फरकाचा आकार फारसा हलायला नको. इथं फरक ०.९ वर्षांवरून १.४ वर झाला. वीस माणसांत असं होऊ शकतं, कारण इतक्या थोड्यांत चिठ्ठ्या गट समतोल पाडतीलच असं नाही. नियंत्रणामुळं फरक वाढलेला दिसला, नमुना लहान असला आणि कच्चे आकडे दिलेले नसले, तर मी तो निकाल बाजूला ठेवतो. सर्वेक्षणाच्या विदेवरचा अभ्यास असेल तर नियंत्रणं लागतातच. तिथं नियंत्रणांशिवायचा, थोड्यांसकटचा आणि सगळ्यांसकटचा असे निकाल शेजारी शेजारी स्तंभांत दिलेत का ते बघा.

याला लागून येणारी आणखी एक खूण थोडक्यात सांगतो. ‘परिणाम फक्त पुरुषांत दिसला, स्त्रियांत नाही.’ समजा पुरुषांत फरक ०.५० आहे, प्रमाणित त्रुटी, म्हणजे त्या आकड्यातली अनिश्चितता, ०.२३, p सुमारे ०.०३. स्त्रियांत फरक ०.३०, त्रुटी तीच, p सुमारे ०.१९. एक लक्षणीय, दुसरा नाही. पण या दोन परिणामांमधला फरक ०.२० आहे आणि त्याची त्रुटी सुमारे ०.३३; त्याचा p ०.५४ च्या आसपास येतो. म्हणजे स्त्री-पुरुषांत वेगळेपणा असल्याचा काही पुरावाच नाही. दोन गटांची थेट तुलना, जिला आंतरक्रिया म्हणतात, दिलेली नसेल, तर तो मथळ्यातला ‘फक्त’ खोडून वाचा.

पाचवी पायरी: अनेक प्रयोग असतील तर सगळे p ओळीनं लिहा

एका पेपरात चार प्रयोग असले की वाचकाला भरवसा वाटतो. आकडे मात्र कधी कधी उलटं सांगतात. समजा मुख्य निकालांचे p असे आहेत: ०.०२१, ०.०३४, ०.०४१, ०.०४७.

खरा परिणाम असेल आणि माणसं पुरेशी असतील, तर p बहुतेक वेळा ०.०५ च्या खूप खाली पडतो. ८० टक्के ताकदीच्या प्रयोगात, म्हणजे खरा परिणाम असताना शंभरातल्या ८० वेळा लक्षणीय निकाल देणाऱ्या प्रयोगात, p ०.०१ च्याही खाली जाण्याची शक्यता ५९ टक्के असते आणि ०.०२ ते ०.०५ या पट्ट्यात पडण्याची जेमतेम १२ टक्के. ताकद कमी-जास्त करून बघा. परिणाम दाव्याच्या दिशेनंच धरला तरी त्या पट्ट्यात पडण्याची शक्यता कधीच १५ टक्क्यांच्या वर जात नाही. चारही प्रयोग तिथंच पडायचे, तर जास्तीत जास्त सव्वादोन हजारांत एकदा. हा पट्टा मी आकडे बघून निवडला, हे खरं आहे, म्हणून तो अंक शब्दशः घेऊ नका. पट्टा ०.०१ ते ०.०५ इतका रुंद केला तरी चारही तिथं पडण्याची शक्यता हजारात तीन-चार एवढीच भरते.

दुसरी बाजूही बघा: अपयशी प्रयोगच नसणं. प्रत्येक प्रयोगाची ताकद ८० टक्के असली तरी चारपैकी चार यशस्वी व्हायची शक्यता ४१ टक्के आहे. ताकद ५० टक्के असेल तर ६ टक्के. लहान लहान नमुन्यांचे पाच-सहा प्रयोग आणि एकही फसलेला नाही, हे दिसलं की फसलेले कुठंतरी खणात पडलेत असं मी धरून चालतो. ज्या पेपरात ‘तिसऱ्या प्रयोगात परिणाम दिसला नाही’ असं सरळ लिहिलेलं असतं, त्यातल्या बाकीच्या निकालांवर माझा विश्वास वाढतो.

एकट्या पेपरातल्या एकट्या p = .04 ला मात्र ही पायरी लावू नका. प्रामाणिक प्रयोगांतही असे आकडे येतात.

सहावी पायरी: पूर्वनोंदणी उघडा, नुसती आहे म्हणून समाधान मानू नका

आता बरेच लेखक प्रयोगाआधी आपला बेत osf.io किंवा aspredicted.org इथं नोंदवतात आणि पेपरात दुवा देतात. दुवा उघडायला पाच मिनिटं लागतात, आणि आतापर्यंतच्या सगळ्या तर्कांपेक्षा ती पाच मिनिटं जास्त सांगतात.

उघडल्यावर आधी तारीख बघा. OSF वर प्रकल्पाचं पान नंतर बदलता येतं. गोठवलेली, तारखेची नोंद म्हणजे तिथलं ‘Registration’. दुवा नुसत्या प्रकल्पाच्या पानावर जात असेल तर त्याला पूर्वनोंदणी म्हणता येत नाही. AsPredicted वरचा पहिलाच प्रश्न, या अभ्यासाची काही विदा आधीच गोळा झाली आहे का, असा असतो. त्याचं उत्तर वाचा.

मग कागदावर दोन रकाने करा, डावीकडे नोंद, उजवीकडे पेपर. पाच ओळी पुरतात: मुख्य मोजमाप, गट किती, माणसांची संख्या, वगळण्याचा नियम, कोणतं विश्लेषण. गाण्याच्या प्रयोगाची अशी नोंद असती तर डावीकडे काय असतं, याची कल्पना करा. मोजमापाच्या ओळीत ‘किती वयाचं असल्यासारखं वाटतं’ असतं, जन्मतारीख नव्हे. गट तीन. वडिलांच्या वयाचा उल्लेख बहुधा नसताच. तीन ओळी जुळल्या नसत्या आणि परिच्छेद तिथंच कोसळला असता.

बदल सापडला म्हणजे लगेच दोष नव्हे. ‘बेत असा होता, या कारणानं बदलला, मूळ बेतानुसारचा निकाल पुरवणीत आहे’ असं लेखकानं लिहिलं असेल तर त्यानं आपलं काम केलंय. न सांगता केलेला बदल ही खूण. आणि नोंदच इतकी ढोबळ असेल की ‘आम्ही गटांची तुलना करू आणि योग्य ती नियंत्रणं वापरू’, तर तिनं काहीच बांधून ठेवलेलं नाही. ती नसल्यासारखीच धरा.

‘नोंदणीकृत अहवाल’ हा प्रकार याहून भक्कम, कारण तिथं नियतकालिक विदा गोळा होण्याआधीच बेत तपासून पेपर स्वीकारतं. अॅन शील आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये मानसशास्त्रातले नेहमीचे पेपर आणि असे अहवाल यांची तुलना केली. नेहमीच्या पेपरांत पहिलं गृहीतक ९६ टक्के वेळा खरं ठरलं होतं, नोंदणीकृत अहवालांत ४४ टक्के वेळा. सगळी तफावत निवडक मांडणीमुळंच आली असं नाही, कारण अशा अहवालांसाठी लोक अधिक धाडसी गृहीतकंही निवडत असतील. पण आपण रोज जे वाचतो त्यात काय गाळलेलं असतं याचा अंदाज त्यातून येतो.

नोंदणी नसेल तर

जुन्या पेपरांत ती नसतेच. तिथं एक वाक्य शोधा. गाण्याच्या प्रयोगाच्या लेखकांनी २०१२ मध्ये सुचवलेलं हे वाक्य इंग्रजीत एकवीस शब्दांचं आहे. त्याचा आशय असा: नमुन्याची संख्या आम्ही कशी ठरवली, कोणती विदा वगळली, कोणकोणते प्रायोगिक बदल केले आणि कोणकोणती मोजमापं घेतली, हे सर्व आम्ही इथं सांगितलं आहे. पेपरात हे वाक्य किंवा असं काही असेल, तर लेखकानं आपलं नाव त्यामागं लावलंय.

तेही नसेल आणि निकाल तुमच्या कामासाठी महत्त्वाचा असेल, तर संपर्कासाठी दिलेल्या लेखकाला पत्र लिहा. आरोप करू नका, ‘तुम्ही काही लपवलंय का’ असं विचारू नका. मी साधारण असं लिहितो: “तुमच्या दुसऱ्या प्रयोगाच्या धर्तीवर अभ्यास आखतो आहे. मूळ प्रश्नावली पूर्ण मिळू शकेल का? आणि नियंत्रणाचं चल न घेता गटांच्या सरासऱ्या काय आल्या होत्या?” पहिल्या प्रश्नातून मोजमापं कळतात, दुसऱ्यातून कच्चे आकडे. उत्तर यायला कधी आठवडे लागतात, कधी ते येतच नाही. तोवर त्या पेपरच्या समासात मी पेन्सिलीनं लिहून ठेवतो: मोजमापं किती, माहीत नाही, गट किती, माहीत नाही, कच्च्या सरासऱ्या नाहीत.